आई, ही वायर कुठल्या रंगाची?

फोन वाजला आणि पडद्यावर माणसाचं तोंड दिसायच्या आधी वायरीचं टोक दिसलं, की समजायचं, लेक बोलतोय.

"आई, ही कुठली?"

राम राम नाही, जेवलीस का नाही. मी शिलाईचं मशीन थांबवायचे, चष्मा खाली ओढायचे आणि बघायचे.

"डाळिंबी."

"आई, मला साडी न्हाई घ्यायची. तांबडी का हिरवी, तेवढं सांग."

"तांबडी रं! डाळिंबी म्हंजे तांबडीच की!"

"बरं. ठेवतो."

एवढंच. मी साताऱ्यात ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल लावते. लेक सांगलीला एका वर्कशॉपमध्ये कामाला. तिथं मोटारी चालू-बंद करायची लोखंडी कपाटं बनवतात, त्यांना पॅनेल म्हणतात. दार उघडलं की आत वायरींचं नुसतं जंजाळ. आणि माझ्या या लेकाला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नाही. चॉकलेटी पण त्यातच गेलं. करडा आणि गुलाबी एकाच माळेचे मणी. निळं मात्र चोख दिसतं, पिवळं दिसतं, पांढरं-काळं दिसतं. लोकांना वाटतं अशा माणसाला सगळं जुन्या फोटोसारखं दिसत असंल. तसं काही नसतं. रंग असतात, पण मोजके असतात.

"मग कशाला असलं काम धरलंस, मेल्या?" असं मी त्याला शंभरदा विचारलं असंल. तो हसायचा. त्याला तेच आवडायचं, करू काय! लहानपणी आमच्या घरातला एकही रेडिओ त्यानं धड ठेवला नाही. वर्कशॉपमध्ये घेताना कुणी त्याचे डोळे तपासले नाहीत, आणि यानं आपणहून सांगितलं नाही. त्याचं बसून पॅनेल जोडण्यात मन रमायचं नाही, त्याला साईटवर जायला आवडायचं. कुणाचं मशीन बंद पडलं, की गाडीवर पिशवी टाकून निघायचं, बिघाड शोधायचा आणि मशीन चालू करून यायचं. मशीन घरघरलं की याचं तोंड असं फुलायचं, की जणू पोरगं झालं. मालकाला डोळ्यांचं कळलं, तर साईटवरनं काढून बाकड्यावर बसवतील, ही त्याला एकच भीती. ती त्याची होती आणि त्याच्यामुळं माझी पण होती.

दोष माझ्याकडनं गेला. डॉक्टरीणबाईंनी वहीच्या पानावर चार रेघा मारून मला समजावलं होतं. आजोबाला असतो, लेकीच्या अंगातनं निसटतो आणि नातवाला धरतो. लेकीला सगळं लख्ख दिसतं. म्हणजे दिलं मी, आणि दिसतंय पण मलाच. असला कसला न्याय, सांगा.

माझे वडील माण तालुक्यातले. मेंढरं राखायची. दोन कळप एकत्र मिसळले, तर आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून पाठीवर रंगाचा पट्टा मारतात. आमचा हिरवा, शेजारच्या भावकीचा तांबडा. आणि वडील कायम मेंढराचा कान धरून बघायचे, कानाला मारलेली खाच बोटानं चाचपायचे. लोक म्हणायचे, म्हातारा लय चोखंदळ, रंगावर विश्वास ठेवत न्हाई. आम्हीही तेच म्हणायचो. त्यांना पट्टे सारखेच दिसत होते, हे माझ्या लेकानं पहिलीत झाडाचं खोड हिरवं आणि पानं चॉकलेटी रंगवली तेव्हा मला उमगलं. तोवर वडील गेले होते.

लेकानं स्वतःची सोय स्वतः लावून घेतली. त्याबाबतीत पोरगं हुशार. वर्कशॉपमध्ये प्रत्येक वायरीच्या टोकाला नंबर छापलेली बारकी नळी घालतात. तो म्हणायचा, "आई, नंबर असला की मी राजा." मोठ्या केबलीत पुष्कळ तारा असल्या, की त्या सगळ्या एकाच रंगाच्या येतात आणि वर नंबर छापलेला असतो. तसली केबल आली, की हा खूश आणि बाकीचे वैतागलेले, कारण बारीक नंबर वाचत बसावं लागतं. नंबर नसला, तर मीटर. मीटरची एक सुई तारेच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मीटर टीं करून वाजला, म्हणजे तार एकच. रंगाचा संबंधच नाही. पॅनेलच्या दारावर दिवे असतात. चालू असलं की तांबडा पेटतो, बंद असलं की हिरवा. आपल्याला वाटतं उलटं पायजे, पण तिथं तसंच असतं, तांबडा म्हणजे सावध राहा, आत करंट हाय. हा दिव्याचा रंग बघायचाच नाही, खालची पट्टी वाचायचा आणि वर टेस्टर लावूनच हात घालायचा. मालकाच्या ऑफिसात भिंतीवर महिन्याच्या कामाचा तक्ता लागायचा, झालेलं हिरवं, राहिलेलं तांबडं. यानं तिथल्या मुलीला गोड बोलून राहिलेल्यावर तिरक्या रेघा मारायला लावल्या. कारण काय सांगितलं, तर म्हणे झेरॉक्स काढल्यावर रंग कळत न्हाईत. बाई गं, काय डोकं!

खिशात एक तांबड्या जिलेटिनचा तुकडा असायचा. नाटकाच्या दिव्यावर लावतात तसला. एकदा माझ्या ओट्यावर त्यानं मला दाखवलं. एक कच्चा टोमॅटो, एक पिकला. त्याच्या डोळ्याला दोन्ही सारखेच. जिलेटिनमधनं बघितलं, की पिकला उजळ दिसतो आणि कच्चा काळवंडतो. मी पण डोळ्याला लावून बघितलं, खरंच की! तसंच वायरींचं. "पण काळी तार पण काळीच दिसती गं त्यातनं," तो म्हणाला. "म्हणून आधी नुसत्या डोळ्यानं काळी बाजूला काढायची, मग हे लावायचं." मोबाईलमध्ये पण एक सोय होती. कॅमेरा वायरीवर धरला, की मधल्या फुलीखाली कुठला रंग आहे, त्याचं नाव येतं. उजेड पांढरा पायजे आणि वायर पुसलेली पायजे. पिवळ्या बल्बखाली तोच मोबाईल काहीही बडबडतो.

आणि एवढं सगळं करून उरलं, तर आई. हा सगळ्यात शेवटचा उपाय. पण मला सांगू का, त्याचा फोन आला की मला लय बरं वाटायचं. बाकी जगाला माझं काय काम? ह्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. गिऱ्हाईक ब्लाऊज नेतं आणि गळा मोठा झाला म्हणून परत आणतं. पण सांगलीतल्या कुठल्या तरी लोखंडी कपाटातली तार माझ्या डोळ्यांवर जोडली जायची. माझी नजर म्हणजे नजर! साडी बघितली, की दुकानातल्या शंभर रिळांतनं मी बरोबर मॅचिंगचं रीळ उचलते, अशी माझी ख्याती.

मध्ये एकदा आम्ही चष्म्याचा नाद केला. रंग न दिसणाऱ्यांसाठी वेगळ्या काचांचा चष्मा निघालाय, घातला की माणसं रडतात, असे व्हिडीओ मी शेजारणीच्या फोनवर बघितले होते. मग मी कसली ऐकतेय! मागवला. लेक सुट्टीला आला, तेव्हा त्याला अंगणात उभं केलं, चष्मा चढवला आणि जास्वंदीसमोर नेलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. आता रडंल, मग रडंल.

"दिसलं?"

"व्हय आई. फूल जरा उठून दिसतंय."

"तांबडं दिसलं का?"

तो फुलाजवळ वाकला. मग म्हणाला, "आधी फूल आन पानं एकमेकांत मिसळत हुती, आता जरा येगळी वाटत्यात. पण तांबडं म्हंजे काय दिसतं, ते मला आधी म्हाईत पायजे ना, आई."

नंतर त्यानं ती ठिपक्यांच्या चित्रांची चाचणी फोनवर काढली, ज्यात ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. चष्मा लावून दोन आकडे जास्त दिसले, बाकीचे नाहीच. काच एक रंग गाळते, त्यामुळं दोन रंगांतलं अंतर थोडं वाढतं. डोळा मात्र होता तोच. तो चष्मा त्यानं माझं मन राखायला दोन दिवस घातला. मी स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरला, नको असताना.

आणि रस्त्यावरचं तर विचारूच नका. मी त्याच्या गाडीवर मागं बसते, ती जीव मुठीत धरून. सिग्नलचं त्याला पाठ आहे, वरचा तांबडा, मधला पिवळा, खालचा हिरवा. कुठला पेटलाय ते जागेवरनं कळतं, रंगावरनं नाही. हिरवा त्याला पांढरट दिसतो, रस्त्याच्या दिव्यासारखा. पण दुपारी ऊन समोरून आलं, की दिवा पेटलाय का विझलाय हेच कळत नाही, आणि कुठं एकच दिवा लुकलुकत असला, तर पिवळा का तांबडा कळायला जागाच उरत नाही. तेव्हा हा शेजारच्या गाड्या बघतो. मी मागनं ओरडते, "थांब! थांब रं!" आणि तो म्हणतो, "आई, थांबलोच हाय." एवढी मोठी बाई, पण पोराच्या पाठीला धरून बसण्यापलीकडं मला काही करता यायचं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. बेदाण्याचा हंगाम होता. तासगावच्या बाजूला एका कारखान्यात बेदाणा निवडायचं मशीन आहे. बेदाणा पट्ट्यावरनं पळत जातो, कॅमेरा एकेक दाणा बघतो, हिरवा पुढं सोडतो आणि काळपट दिसला की हवेची फुंकर मारून उडवतो. लेकानं हे मला आधी एकदा सांगितलं होतं, तेव्हा मी म्हटलं होतं, "बघ! लोखंडाला रंग दिसतो आन माझ्या लेकाला न्हाई." तो हसला होता. मला काही हसू आलं नव्हतं.

ते मशीन बंद पडलं. मालक स्वतः लेकाला घेऊन गेले. पट्टा किती वेगानं पळतोय, ते सांगणारा एक सेन्सर असतो. त्याची केबल उंदरानं मधनंच कुरतडलेली. आत आठ बारक्या तारा, आठ रंगांच्या, नंबर एकीवरही नाही. परदेशी मशीन. पॅनेलकडच्या अर्ध्या केबलीचं त्यानं मीटरनं बघून घेतलं, तिच्या दुसऱ्या टोकाला नंबरच्या पिना होत्या आणि कुठल्या पिनेला कुठला रंग, ते मशीनच्या कागदावर होतं. पण सेन्सरकडचा तुकडा सेन्सर बनवतानाच प्लास्टिक ओतून बंद केलेला, तिथं सुई टोचायला जागा नाही. तिथं रंगच बघायला लागणार. आणि चुकीची तार जोडून करंट सोडला, तर सेन्सर जळणार. तसला दुसरा इथं कुठं मिळत नाही, म्हणजे ऐन हंगामात मशीन आडवं.

पांढरी, पिवळी, निळी त्यानं नुसत्या डोळ्यानं काढल्या. तारा कापडानं पुसल्या, बॅटरीचा पांढरा उजेड पाडला, जिलेटिन आणि मोबाईल दोन्हीनं बघून तांबडी, हिरवी, चॉकलेटी काढल्या. दोन्हींचं मत जुळलं, तरच तार नक्की, असा त्याचा नेम. राहिल्या दोन. एक करडी, एक गुलाबी. दोन्ही फिक्या, दोन्ही मळलेल्या, सुतळीहून बारीक. मोबाईलची फुली त्यांच्यावर ठरेना. एकदा गुलाबी म्हणाला, परत त्याच तारेला राखाडी म्हणाला.

मग माझा फोन वाजला.

"आई, नीट बघ हां. तीन तारा धरल्यात. शेजारी मुद्दाम पांढरी ठेवली हाय, म्हंजे तुला रंग उठून दिसंल. बाकीच्या दोनातली गुलाबी कुठली?"

मी बघितलं. चष्मा पुसला, परत बघितलं. "डावीकडची पिवळी हाय," मी म्हणाले. "मधली... मधली पण पिवळटच दिसती. उजवीकडची जरा मळकी. मधली गुलाबी असंल."

पडद्यावरच्या तारा आणखी जवळ आल्या.

"आई, डावीकडची कसली म्हणालीस?"

"पिवळी. फिक्की पिवळी."

"ती पांढरी हाय, आई. पांढरी मला दिसती."

"काहीतरीच! तुझ्या तिथला उजेड पिवळा असंल."

"उजेड पांढराय. तुझ्या फोनचा पडदा पिवळा केलास का? रात्रीचं बटण दाबलंय का बघ बरं."

बघितलं. नव्हतं दाबलेलं. तो शांतपणे म्हणाला, "तुझा दोऱ्याचा डबा जवळ हाय का? पांढरं रीळ उचल. आन क्रीम रंगाचं उचल. दारात उजेडाला जाऊन शेजारी शेजारी धर."

मी दोन्ही रिळं उचलली, खालच्या चिठ्ठ्या वाचून. दारात गेले. भर दुपार. दोन्ही हातांत दोन रिळं, आणि माझ्या देवा, मला त्यांत काहीसुद्धा फरक दिसेना.

मग एकेक डोक्यात यायला लागलं. मागच्या महिन्यात एक बाई ब्लाऊज परत घेऊन आली, "काकू, दोरा वेगळाच लावलाय की," आणि मी तिच्याशी कचाकचा भांडले, तुझ्याच डोळ्यात खोट म्हणून. लेक सुट्टीला आला, की त्याचे पांढरे शर्ट मी धुवायचे, ते मला पिवळे पडल्यासारखे वाटायचे, म्हणून नीळ घालत सुटायचे. तो म्हणायचा, "आई, मला आकाशातला देव करतीस काय, शर्ट निळा दिसतोय." मी म्हणायचे, तुला काय कळतंय रंगातलं!

"आई? दिसला का फरक?"

"न्हाई रं," मी म्हणाले. "मला दिसंना."

"असू दे. तू घाबरू नगं. खाली बस आधी."

त्यानं फोन बंद केला नाही. गडबडीत तसाच वरच्या खिशात टाकला असणार, कारण पडदा काळा झाला आणि आवाज येत राहिले. मी पण बंद केला नाही. दोन्ही रिळं हातात, उंबऱ्यात बसले आणि ऐकत राहिले.

मालकांचा आवाज आला. "झालं का रं? पार्टी तिकडं डोक्यावर बसलीय. सोडायचा का करंट?"

"न्हाई मालक. दोन तारा ऱ्हायल्यात."

"मग जोड की."

मी मनात म्हणत होते, बाळा, काहीतरी सांग, सेन्सर बिघडलाय सांग, पोटात दुखतंय सांग. आणि दुसरं मन म्हणत होतं, जोडू नको, माझं ऐकून जोडू नको.

"मला त्यातली गुलाबी कुठली आन करडी कुठली ते कळत न्हाई, मालक."

"म्हंजे? पुसून बघ."

"पुसून बी कळत न्हाई. मला तांबडं-हिरवं दिसत न्हाई. जन्मापासनं."

पलीकडं लांब बायका बोलत होत्या, पत्र्याच्या शेडमध्ये पंखा फिरत होता. मग मालकांनी विचारलं, "मग आजवर काय करत हुतास?"

"नंबर बघतो. मीटर लावतो. मोबाईल हाय. जिलेटिन हाय." मग हळू आवाजात म्हणाला, "आन आईला विचारतो."

"आईला?"

"आईला बी आता दिसंना झालंय."

मला ओरडून सांगायचं होतं, आवं मालक, त्यानं आजपतोर एक वायर चुकीची लावली न्हाई, विचारा कुणालाबी. पण खिशातनं आईचा आवाज आला असता, तर पोराची आणखी शोभा झाली असती. मी पदर तोंडात धरला.

मग चपला वाजल्या. हातानं बेदाणा निवडणाऱ्या बायकांतली कुणीतरी जवळ आली असावी. लेक म्हणाला, "मावशी, यातली गुलाबी कुठली?"

"ही की रं. आन ही करडी. का, काय झालं?"

"काय न्हाई, मावशी."

संपलं. एका श्वासात सांगून ती बाई आपल्या कामाला गेली. थोड्या वेळानं मशीन घरघरलं आणि हवेच्या फुंकरा ऐकू यायला लागल्या, फुस फुस फुस. एरवी हाच आवाज ऐकवायला त्यानं मला मुद्दाम फोन केला असता. त्या दिवशी खिशातला फोन तसाच राहिला. माझ्या फोनची बॅटरी संपेपर्यंत मी ऐकत होते.

मालकांनी त्याला कामावरनं काढलं नाही. वाईट माणूस नाहीत ते. पण दुसऱ्या दिवसापासनं साईट बंद. आता तो बाकड्यावर बसून वायरींना नंबरच्या नळ्या घालतो आणि पत्र्याला भोकं पाडतो. मी काय गप्प बसते? एस्टी पकडली आणि सांगलीला गेले. वर्कशॉपमध्ये उभी राहिले आणि म्हटलं, "आवं, त्यानं काय चूक केली? न कळता जोडलं असतं, तर चूक. त्यानं तर विचारलं!"

मालकांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "काकू, तुमचं खरं हाय. माझ्याकडं डोळस पोरं हायत, ती बी त्याच्याइतकी तपासून काम करत न्हाईत. पण उद्या कुठं एकटा असला, मीटर लावायला जागा नसली, मोबाईल बंद पडला, आन हात भलतीकडं गेला, तर तुमीच येऊन मला विचारणार, ठाऊक असताना का धाडलंत म्हणून."

मी कप उचलला. मी खरंच विचारलं असतं. गचांडी धरून विचारलं असतं. चहा पिऊन उठले. बाहेर येताना लेक बाकड्यावर नळ्या घालत होता. त्यानं मान वर केली आणि हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं.

माझ्या डोळ्यांना मोतीबिंदू. दोन्हीकडं, पिकत आलेला. डॉक्टर म्हणाले, "आजी, भिंग पिवळं पडलंय, हळूहळू पडतं म्हणून कळत नाही. काढू, नवं बसवू, सगळे रंग परत येतील." किती सहज म्हणाले! मी विचारलं, "असलं भिंग माझ्या लेकाला बसंल का? माझ्या आधी त्याला बसवा." त्यांनी सांगितलं, त्याचं भिंग चांगलंय, दोष पाठीमागच्या पडद्यात आहे, तिथं बदलायला काही नसतं. हे मला आधीपासनं माहीत होतं. तरी विचारलं.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. टेबलावर पुरतं घाबरूनही होईना, तोवर उठवलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि मी खिडकीकडं बघितलं. अगं आई गं! पांढरं असं असतं होय? नर्सबाईंचे कपडे, भिंत, बाहेरची गाडी. निळं तर डोळ्यात घुसायला लागलं. मी नव्या डोळ्यावर हात ठेवला आणि जुन्यानं बघितलं, सगळं चहाच्या पाण्यातनं काढल्यासारखं. हात उचलला, परत लख्ख. चार-पाच वेळा केलं. लेक शेजारी उभा होता. त्यानं सुट्टी काढली होती.

"कसं दिसतंय, आई?"

काय सांगू त्याला? ज्याला ते कधी दिसणारच नाही, त्याच्यापुढं कुठल्या तोंडानं सांगू, की बाळा, सगळं परत आलं?

"बरं दिसतंय," म्हणाले.

घरी आल्यावर त्यानं मला खाटेवर बसवलं आणि डोळ्यात घालायच्या औषधाच्या दोन बाटल्या काढल्या. एकीचं झाकण तांबडं, एकीचं हिरवं. दुकानात घेतानाच त्यानं दोन्हींवर पेननं एक आणि दोन लिहून घेतलं होतं. मला राहवलं नाही. त्याचा हात धरला.

"आता दिसतंय रं मला. दुसरा डोळा बी झाला, की एकदम चोख. आता तू फोन कर. कवाबी कर, मी मशीन बंद करीन. आता बरोबर सांगीन बघ, एक चुकायची न्हाई."

त्यानं पहिल्या बाटलीचं झाकण उघडलं, माझी हनुवटी बोटानं वर केली.

"आई," तो म्हणाला, "आता मला वायरी बघायला कोण देत न्हाई गं. डोळा उघड मोठा."